कापड घेताना रंगाच्या पक्केपणाचे आकडे कसे वाचावेत?

ओवी_शिवण

आमच्या बचत गटात गोधड्या शिवून विकल्या जातात. आजवर आम्ही जुन्या सुती साड्या आणि धोतरे वापरत आलो. ती इतकी धुतलेली असत की त्यांचा जो काही रंग सुटायचा तो आधीच सुटलेला असे. आता मागणी वाढल्यामुळे नवे कापड ठोक भावाने घ्यायचे ठरले आहे. गडद मरून रंगाचे सुती पॉपलिन आणि त्याला जोडून पांढरे पॉपलिन, अशा चौकड्यांची गोधडी करायची आहे.

व्यापाऱ्याच्या दरपत्रकावर ‘धुलाई ४-५, घासणी ४, प्रकाश ४, रंग पक्का’ एवढेच लिहिले आहे. मागे लागल्यावर त्यांनी प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत पाठवली, पण तिच्यातले आकडे दरपत्रकापेक्षा बरेच अधिक आहेत. ते असे:

धुलाई, आयएसओ १०५-सी०६, पद्धत ए२एस. रंगातील बदल ४-५. शेजारच्या कापडावरील डाग: ॲसिटेट ४-५, कापूस ३, नायलॉन ४, पॉलिस्टर ४-५, ॲक्रिलिक ४-५, लोकर ४-५.
घासणी: कोरडी ४, ओली २-३.
प्रकाश: ४.

हे आकडे कितीपैकी आहेत आणि गोधडीसाठी त्यांतला कोणता पाहावा? उरलेल्या मरून कापडाचे खिडकीचे पडदे शिवण्याचाही विचार आहे. व्यवहार करावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भास्कर_न

हे सगळे आकडे पाचपैकी असतात. म्हणजे ४ हे ऐंशी टक्के झाले आणि एवढा निकाल चांगलाच म्हणायला हवा. तरीही शंका वाटत असेल, तर शिवण्यापूर्वी कापड रात्रभर मीठ आणि तुरटीच्या पाण्यात भिजवावे, म्हणजे रंग पक्का होतो. आमच्या घरी नव्या सुती साडीला नेहमी असेच करत.

रंगशाळा_निवृत्त

मी इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे हेच काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भास्करराव, धुलाई आणि घासणीचे आकडे पाचपैकी असतात हे बरोबर आहे, पण प्रकाशाचा आकडा आठपैकी असतो. त्यामुळे एकाच ओळीत लिहिलेले ‘घासणी ४, प्रकाश ४’ हे सारखे गुण नाहीत. त्यांना टक्क्यांत बदलणेही बरोबर नाही. तपासनीस राखाडी रंगाच्या जोड्यांची एक पट्टी समोर ठेवतो आणि कापडातला फरक कोणत्या जोडीतल्या फरकाएवढा दिसतो ते ठरवतो. पाच म्हणजे फरक नाही. चारच्या खाली प्रत्येक पूर्ण पायरीला तो फरक साधारण दुप्पट होतो. म्हणून ४ वरून ३ वर येणे म्हणजे थोडेसे घसरणे नव्हे, आणि ३ वरून २ वर आलेले कापड तर दुरूनही ओळखू येते.

आता ओवीताईंचा अहवाल पाहू. दरपत्रकावरील ‘धुलाई ४-५’ हा आकडा खोटा नाही, पण तो फक्त ‘रंगातील बदल’ या ओळीतून उचललेला आहे. धुतल्यावर मरून कापड स्वतः किती फिके झाले, एवढेच ती ओळ सांगते. शेजारच्या पांढऱ्यावर किती रंग चढला हे डागांच्या ओळीत असते आणि तिथे कापसापुढे ३ आहे. चाचणीत नमुन्याला सहा प्रकारच्या धाग्यांची एक पांढरी पट्टी शिवलेली असते. तुमची गोधडी पूर्ण सुती असल्यामुळे पॉलिस्टर, लोकर आणि ॲक्रिलिक यांचे ४-५ तुमच्या काही उपयोगाचे नाहीत. तुमचा आकडा ३ आहे आणि पांढऱ्या चौकड्यांसाठी तो कमी आहे. पांढऱ्याशी जोडून शिवायच्या कापडाला मी सुती पट्टीवर किमान ४ मागितले असते.

ओवी_शिवण

मनापासून आभार. एक गोष्ट मात्र उमगत नाही. शेजारच्या कापसावर एवढा रंग चढला असेल, तर मरून कापड स्वतः फिके का झाले नाही? बदल ४-५ आणि डाग ३, हे एकाच वेळी कसे शक्य आहे?

रंगशाळा_निवृत्त

प्रश्न अगदी नेमका आहे. गडद रंगाच्या सुती कापडात हे फार वेळा दिसते.

असे कापड बहुधा रिॲक्टिव्ह रंगाने रंगवतात. रंगाचा मोठा भाग कापसाशी रासायनिक बंधाने जोडला जातो आणि तो धुण्याने सुटत नाही. पण रंगवताना काही भाग कापसाऐवजी पाण्याशीच क्रिया करून बसतो. या भागाची जोडली जाण्याची क्षमता संपलेली असते आणि तो धाग्यात नुसता अडकून राहतो. तो काढण्यासाठी रंगकामानंतर कापड पुन्हा पुन्हा खळबळावे लागते आणि उकळीच्या जवळ तापवलेल्या साबणाच्या पाण्यातून न्यावे लागते. आम्ही त्याला सोपिंग म्हणतो. या टप्प्याला पाणी, वाफ आणि वेळ तिन्ही लागतात, त्यामुळे काटकसर करायची झाली की पहिली कात्री इथेच लागते.

गडद मरूनमध्ये रंगाचा साठा इतका मोठा असतो की त्यातला थोडा निघून गेला तरी डोळ्याला कळत नाही. तेवढाच रंग पांढऱ्या कापसावर बसला की लगेच गुलाबी झाक दिसते. म्हणून बदल ४-५ आणि डाग ३ ही जोडी दिसली की माझा पहिला संशय अपुऱ्या सोपिंगवर जातो. दोष रंगाचा नसून धुण्याचा असेल, तर माल सुधारता येतो आणि व्यापाऱ्याशी बोलायला जागा राहते.

मीठ-तुरटीबद्दलही सांगतो. रंगवताना द्रावणातला रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी मीठ वापरतात हे खरे आहे. पण जोडला न गेलेला रंग मिठाने पक्का होत नाही. त्या मिठाच्या पाण्यात तो कमी सुटतो आणि पुढच्या साध्या पाण्यात निघतो. तुरटीचे काम मंजिष्ठेसारख्या वनस्पतिज रंगांत असते, तेही रंगवण्यापूर्वी किंवा रंगवताना.

भास्कर_न

तुरटीबाबत माझा समज चुकीचा होता हे मान्य. पण आमच्या साड्यांचा रंग पुढे जात नसे, हाही अनुभवच आहे.

रंगशाळा_निवृत्त

तुमचा अनुभव मी नाकारत नाही. रात्रभर भिजवून नंतर साडी खळखळून धुतली जात असेल, तर सुटा रंग त्या धुण्यातच निघून गेला असणार. काम पाण्याने केले आणि श्रेय तुरटीला मिळाले, असे मला वाटते.

मैथिली_के

माझ्याकडे क्रीम रंगाची, लाल काठांची रेशमी साडी आहे. दुकानात धुलाई ४ असे सांगितले होते, पण पावसात भिजल्यावर काठाचा रंग अंगावर उतरला. आता तो डाग कसा काढावा?

रंगशाळा_निवृत्त

डाग काढण्यासाठी जाणत्या ड्रायक्लीनरकडे द्या आणि तोवर साडी गरम पाण्यापासून आणि इस्त्रीपासून दूर ठेवा. आकड्यापुरते एवढेच सांगतो की ज्या सहा धाग्यांच्या पट्टीबद्दल मी वर लिहिले तिच्यात रेशीम नसते. लोकरीच्या आकड्यावरून अंदाज बांधता येतो, पण रेशमी अंगाशेजारी रेशमी काठ असेल तर रेशमाचे पांढरे कापड जोडून वेगळी चाचणी करून घ्यावी लागते. शिवाय तुमची साडी धुतली गेलीच नव्हती, ती ओली होऊन घडीत राहिली होती. त्याची चाचणी निराळी असते आणि ओवीताईंच्या अहवालातही ती नाही. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

हातमाग_अंगण

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. मी हातमागाचे आणि नैसर्गिक निळीचे कापड विकते. निळीचा रंग धाग्याच्या पृष्ठभागाजवळ थरांनी बसतो, त्यामुळे गडद निळीला ओल्या घासणीत २ मिळाले तरी त्यात नवल नाही. ग्राहक अहवाल मागतात, तो आकडा पाहतात आणि कापड वाईट ठरवतात. तीच नीळ वर्षानुवर्षे धुऊन सुंदर होत जाते. सगळ्या कापडाला एकच किमान आकडा लावला, तर निळीचे काम करणारे कारागीर बाजारातून बाहेर फेकले जातील. आकड्यांचा असा हट्ट मला अन्यायाचा वाटतो.

रंगशाळा_निवृत्त

तुमची खंत मला पटते. आकडा कापडाची लायकी सांगत नाही, एका ठरावीक वागणुकीत ते कसे वागले एवढेच सांगतो. घासणीच्या चाचणीत १६ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पांढरे सुती कापड बसवतात आणि ९ न्यूटन दाबाने, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमच्या भाराने, नमुन्यावर दहा वेळा पुढे-मागे फिरवतात. ओल्या चाचणीत तेच पांढरे कापड भिजवून घेतात. निळीच्या कुर्त्याखाली पांढरी सलवार घालणाऱ्या व्यक्तीला २ हा आकडा ठाऊक असायला हवा. निळीचा भिंतीवरचा पडदा घेणाऱ्याला त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

गडद रिॲक्टिव्ह मरून, काळा किंवा नेव्ही यांनाही ओल्या घासणीत २-३ मिळणे नित्याचे आहे. बरेच खरेदीदार गडद छटांसाठी ही सवलत मान्य करतात. ओवीताईंच्या अहवालातील त्या आकड्यामुळे मी एकट्याने माल परत केला नसता.

ओवी_शिवण

पण गोधडी अंगावर घेऊन लोक झोपतात. उन्हाळ्यात घाम येतो आणि खालची चादर बहुधा पांढरी असते. तरीही २-३ चालेल का?

सुनंदा_वाघोली

माझ्या मते चालणार नाही. मी लहान मुलांचे अंथरूण शिवते आणि ओली घासणी ३ पेक्षा कमी असलेले कापड घेतच नाही, मग छटा कितीही गडद असो. गडद रंगाला सवलत देणे ही कारखान्याची सोय आहे. ज्याची चादर खराब होते त्याने ती का सोसावी?

रंगशाळा_निवृत्त

सुनंदाताई, तुमची अट कडक आहे, पण अंथरुणासाठी तिच्याविरुद्ध बोलणे मला कठीण जाते. घामासाठी स्वतंत्र चाचणी असते, आम्लधर्मी आणि अल्कधर्मी अशा दोन कृत्रिम घामांची. तीही मागावी.

आता राहिलेली गोष्ट. ए२एस ही पद्धत ४० अंश सेल्सिअसला अर्ध्या तासाची आहे. त्यातल्या एस या अक्षराचा अर्थ एकाच धुलाईशी मिळतीजुळती चाचणी असा आहे. त्याऐवजी एम असेल, तर ती अधिक कडक असते आणि साधारण पाच धुलायांपर्यंतचा अंदाज देते. म्हणजे तुमचे ३ हे सौम्य, एकवेळच्या धुलाईचे आहेत.

आपल्याकडे गोधडी धुण्याची रीत तर याहून वेगळी आहे. ती बादलीत किंवा हौदात तासन्‌तास भिजत राहते, मग पिळून दोरीवर टाकतात, आणि जाड असल्यामुळे ती दिवसभर आतून ओली राहते. मरून आणि पांढरे थर ओल्या अवस्थेत एकमेकांना चिकटून असतात. गोधडीवर रंग पसरतो तो बहुतेक या वेळात. यासाठी पाण्याच्या पक्केपणाची चाचणी आहे, आयएसओ १०५-ई०१. तिच्यात नमुना आणि पांढरे कापड भिजवून पट्ट्यांमध्ये दाबतात आणि ३७ अंशांना चार तास ठेवतात. गोधडीसाठी मला एकच चाचणी निवडायला सांगितली, तर मी धुलाईच्याही आधी ही निवडेन.

जर्सीकर

मी अमेरिकेत राहतो आणि इथे रजईचे काम करणाऱ्या एका मंडळासाठी कापड घेतो. भारतातून निर्यात होणाऱ्या कापडाबरोबर कधी कधी एएटीसीसी या अमेरिकी संस्थेच्या पद्धतींचा अहवाल येतो, आणि तिथे प्रकाशाच्या आकड्यात मोठा घोटाळा होऊ शकतो. आयएसओ पद्धतीत प्रकाशाचा आकडा निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांशी तुलना करून देतात. अमेरिकी अहवालात मात्र बहुधा ठरावीक मात्रेचा, उदाहरणार्थ २० एककांचा, प्रकाश देऊन त्यानंतरचा बदल राखाडी पट्टीवर पाचपैकी मोजतात. तिथे ४ म्हणजे त्या मात्रेनंतर थोडाच फरक पडला. आयएसओचे ४ म्हणजे आठांतली मधली पायरी. दोन्ही कागदांवर ‘प्रकाश ४’ असेच दिसते. त्यामुळे आकड्याशेजारी पद्धतीचे नाव नसेल, तर तो आकडा मी वाचतच नाही.

धुलाईचेही तसेच आहे. एएटीसीसी ६१ मधील २ए ही पद्धत ४५ मिनिटांत घरच्या पाच धुलायांची झीज दाखवण्यासाठी आहे, त्यामुळे तिचे ४ आणि ए२एसचे ४ शेजारी ठेवून तुलना करू नये.

ओवी_शिवण

माझ्या अहवालात प्रकाशासमोर पद्धत लिहिलेलीच नाही. मग पडद्यांचे काय करावे?

रंगशाळा_निवृत्त

आधी पद्धत विचारा. ती आयएसओ १०५-बी०२ निघाली, तर ४ आठांतले असतील आणि उन्हाच्या खिडकीत टांगायच्या पडद्यासाठी ते अपुरे आहेत. निळ्या पट्ट्यांची रचना अशी आहे की प्रत्येक पुढची पट्टी तेवढीच विटायला आधीच्या पट्टीच्या साधारण दुप्पट प्रकाश लागतो. म्हणून ६ चे कापड ४ च्या कापडापेक्षा सुमारे चौपट प्रकाश सोसते. पडद्याला मी किमान ५ आणि पश्चिमेच्या खिडकीला ६ मागेन. कपाटात घडी घालून ठेवायच्या गोधडीला ४ पुरेसे आहेत.

याच मरूनची फिकी गुलाबी छटा पुढे घेतलीत, तर तिला हा अहवाल लावू नका. तोच रंग थोड्या प्रमाणात वापरला की प्रकाशात लवकर विटतो. धुलाई आणि घासणीत याच्या उलट घडते, तिथे फिक्या छटेला आकडा चांगला मिळतो.

सुरतवासी_देशपांडे

मी सुरतेत प्रक्रिया-रसायनांच्या व्यवसायात आहे. सोपिंग पुन्हा करण्यापेक्षा फिक्सर लावणे स्वस्त आणि जलद पडते. कापसावरील डागांचा ३ चा आकडा त्याने सहज ४ वर जातो आणि सध्याचे फिक्सर पूर्वीच्या मानाने बरेच टिकाऊ आहेत. रंगशाळा यांनी त्याचा उल्लेखच केला नाही, याचे आश्चर्य वाटले.

रंगशाळा_निवृत्त

उल्लेख जाणूनबुजून मागे ठेवला होता. फिक्सर सुट्या रंगाला धरून ठेवतो, तो काढून टाकत नाही. धुलाया होत जातात तसा फिक्सर कमी होतो आणि रंग पुन्हा सुटू लागतो. काही रंगांचा प्रकाशातील पक्केपणाही त्यामुळे घटतो आणि ओल्या घासणीत फारशी सुधारणा होत नाही. एकवेळची चाचणी उत्तम निघते, म्हणूनच मला एस पद्धतीच्या आकड्यावर विसंबायला नको वाटते.

सुरतवासी_देशपांडे

सोपिंग नीट करून मग फिक्सर लावला, तर यातले बरेच आक्षेप गळून पडतात. आमच्या ग्राहकांकडून एम पद्धतीचेही चांगले निकाल आले आहेत. सरसकट नाकारू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

रंगशाळा_निवृत्त

सोपिंगनंतर लावला तर माझी हरकत नाही. सोपिंगऐवजी लावण्याला आहे.

सुनंदा_वाघोली

प्रयोगशाळेचे शुल्क प्रत्येक वेळी परवडत नाही, म्हणून मी घरी काय करते ते सांगते. कापडाचा १० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद तुकडा तेवढ्याच पांढऱ्या, खळ नसलेल्या सुती कापडाला शिवते. झाकणाच्या बरणीत कोमट साबणाचे पाणी घेऊन त्यात तो अर्धा तास अधूनमधून हलवते, खळबळते आणि दोन्ही तुकडे एकमेकांना लागू न देता सावलीत वाळवते. दुसरी जोडी नुसत्या पाण्यात भिजवून, हलके पिळून, दोन ताटल्यांमध्ये जड वरवंट्याखाली रात्रभर ठेवते. शेवटी न वापरलेल्या पांढऱ्या कापडाशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहते. आकडा देता येत नाही, पण घ्यावे की नाही हे कळते.

रंगशाळा_निवृत्त

ही रीत चांगली आहे. फक्त पांढरे कापड ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे पांढरेपणा उजळवणारे रसायन, नसलेले घ्या, नाहीतर हलकी झाक डोळ्यांना चकवते.

ओवी_शिवण

उशिरा लिहीत आहे, कारण व्यापाऱ्याच्या उत्तराची वाट पाहत होते. त्यांनी पुन्हा सोपिंग करून दिले आणि त्या मालाचा नवा अहवाल आला. ए२एसमध्ये कापसावरील डाग ४, पाण्याच्या चाचणीत कापसावर ४, ओली घासणी ३. प्रकाशाची पद्धत आयएसओ १०५-बी०२ निघाली आणि आकडा ४ च राहिला, त्यामुळे पडद्यांचा विचार सोडला आहे. फिक्सर लावला का, असे विचारल्यावर ‘थोडा’ असे उत्तर मिळाले. एम पद्धतीची चाचणी करून द्यायला ते तयार नाहीत. भाव मीटरमागे थोडा वाढला आहे. गोधडीपुरता माल घ्यावा, असे गटातील बहुतेकींचे मत आहे.

रंगशाळा_निवृत्त

पाण्याच्या चाचणीत ४ आले ही चांगली गोष्ट आहे, आणि ओली घासणी वाढली याचा अर्थ सुटा रंग खरोखरच निघाला आहे. ‘थोडा’ फिक्सर किती, हे अहवालातून कळणार नाही. म्हणून एक तुकडा घरी पाच वेळा धुऊन मग सुनंदाताईंची ताटल्यांची चाचणी करा. पांढऱ्यावर तेव्हा झाक आली, तर ४ चा आकडा फिक्सरने दिलेला आहे असे समजा.

अहवाल कोणत्या लॉटचा आहे तेही पाहा. रंगवण्याचा प्रत्येक घाणा वेगळा निघतो. अहवालावरील लॉट क्रमांक आणि ताक्यांवरील क्रमांक जुळत नसेल, तर तो अहवाल तुमच्या कापडाचा नाही. माल उतरवून घेताना प्रत्येक लॉटच्या एका ताक्यातून हातभर तुकडा कापून घ्या आणि चाचणी होईपर्यंत बाकीचे ताके कापू नका. एकदा कात्री लागली की व्यापारी माल परत घेत नाही.

सुनंदा_वाघोली

ओवीताई, पाच धुलायांनंतर काय निघाले ते इथे नक्की लिहा. मलाही त्याच छटेचे कापड घ्यायचे आहे आणि ओली घासणी ३ असेल तर माझी अट पूर्ण होते.